‘थांबा’ म्हणण्याचा सराव

पहिली-दुसरीच्या वर्गात जाऊन विचारलं, ‘कुणी नको तिथे हात लावला तर काय करायचं?’, तर सगळा वर्ग एका सुरात उत्तर देतो, ‘जोरात ओरडायचं, तिथून निघायचं, मोठ्या माणसाला सांगायचं!’ उत्तर पाठ असतं आणि बरोबरही असतं. त्यातल्याच एका मुलाला पुढे बोलवावं आणि सांगावं, ‘आता मी तुझ्या शेजारचा काका आहे. मी तुझे गाल ओढतोय आणि तुला ते आवडत नाहीये. मला थांबव.’ मूल हसतं, खाली बघतं, बोटाशी चाळा करतं. फारच झालं तर ‘नको ना’ असं पुटपुटतं आणि तिथेच उभं राहतं. मघाशी वर्गाबरोबर मोठ्याने म्हटलेली तीन वाक्यं त्याच्या आवाजापर्यंत आणि पायांपर्यंत पोचलेली नसतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली घटना उघडकीला आली, त्यानंतर महाराष्ट्रातल्या अनेक शाळांनी घाईघाईने ‘गुड टच, बॅड टच’वर व्याख्यानं ठेवली. तक्ते लागले, चित्रफिती दाखवल्या गेल्या. त्यांचा उपयोग आहे. शरीराच्या भागांची नावं मुलांना कळतात आणि हा विषय बोलण्यासारखा आहे हेही कळतं. पण व्याख्यानातून कळतं ते डोक्यात राहतं आणि प्रसंग आला की मुलाच्या आवाजाला आणि पायांना काम करावं लागतं. त्यांना शिकवण्याची पद्धत वेगळी आहे. ती साधी आहे, घरच्या घरी करता येते आणि तिच्यावर चाळीसहून अधिक वर्षं काम झालेलं आहे.

१९८१ साली अमेरिकेत शेरिल पोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या तीन मुलांवर एक छोटा अभ्यास केला. अनोळखी माणूस येऊन गोड बोलून बरोबर चल म्हणाला, तर ही मुलं काय करतात ते त्यांनी आधी पाहिलं. मुलं जायला तयार होती. मग त्यांनी मुलांना एकच छोटं वाक्य शिकवलं, ‘नाही, मला आधी बाईंना विचारावं लागेल,’ आणि ते म्हणून झालं की लगेच तिथून निघायला शिकवलं. मोठ्यांनी ते आधी करून दाखवलं, मग मुलांकडून करून घेतलं, चुकलं तिथे पुन्हा करून घेतलं. त्यानंतर मुलं प्रत्यक्षातही तसं वागू लागली. पुढे रेमंड मिल्टनबर्गर आणि इतर मानसशास्त्रज्ञांनी ही पद्धत पक्की केली. तिचे चार भाग आहेत. काय करायचं ते थोडक्यात सांगायचं, स्वतः करून दाखवायचं, मुलाकडून करून घ्यायचं आणि जे बरोबर झालं ते व जे सुधारायचं ते त्याच क्षणी सांगायचं.

याच मंडळींचा आणखी एक अभ्यास मला फार बोलका वाटतो, जरी त्याचा विषय आपल्या घरांपासून लांबचा असला तरी. अमेरिकेत घराघरांत बंदुका असतात. म्हणून तिथे मुलांना शिकवतात की बंदूक दिसली तर हात लावू नको, खोलीतून बाहेर पड आणि मोठ्या माणसाला सांग. आपल्या विषयाशी किती जुळतं पाहा: स्वतःला आवर किंवा समोरच्याला थांबव, निघ, सांग. संशोधकांनी खेळाच्या खोलीत एक निकामी पिस्तूल ठेवलं आणि मुलांना आत सोडलं. पुस्तिका आणि चित्रफितीतून शिकलेली मुलं विचारल्यावर बरोबर उत्तर देत होती, पण खोलीत पिस्तूल दिसल्यावर त्यातल्या अनेकांनी ते उचललं. ज्यांच्याकडून कृतीचा सराव करून घेतला होता, त्या सहा-सात वर्षांच्या मुलांचं वागणं स्पष्टपणे चांगलं होतं. चार-पाच वर्षांच्या मुलांना तेवढंही पुरलं नाही. त्यांच्या बाबतीत मोठं माणूस त्याच खोलीत, त्याच क्षणी आत आलं आणि तिथल्या तिथे पुन्हा पुन्हा सराव करून घेतला, तेव्हा ते जमलं.

यातून एक गोष्ट पक्की होते. मुलाने बरोबर उत्तर दिलं म्हणजे त्याला ते करता येतं असं धरून चालू नये. सराव पाहिल्याशिवाय आपल्याला काहीच कळलेलं नसतं.

आपल्याकडे या सरावात एक जास्तीची अडचण आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,००० हून अधिक मुलांशी बोलून एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी आपल्यावर कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं आणि त्या मुलांमध्ये मुलगे निम्म्याहून जास्त होते. ‘आमचा मुलगा आहे, त्याला कशाला हे शिकवायचं?’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक घराने हे लक्षात ठेवायला हवं. अत्याचार करणाऱ्यांत ओळखीच्या आणि भरवशाच्या माणसांचा वाटा मोठा होता. पोलिसांत नोंदल्या जाणाऱ्या गुन्ह्यांतही वर्षानुवर्षं हेच दिसतं. आरोपी बहुतेक वेळा घरातला, शेजारचा, नात्यातला किंवा रोज भेटणारा असतो.

म्हणजे मुलाला ‘थांबा’ म्हणायचं आहे ते एखाद्या काकांना, दादाला, शिकवणीच्या सरांना, व्हॅनवाल्या मामांना. आणि याच माणसांना उलट बोलायचं नाही, असं आपण त्याला दोन वर्षांचं असल्यापासून शिकवलेलं असतं. पाहुणे आले की ‘आजोबांना पापी दे’ म्हणायचं, मूल मागे सरलं की ‘लाजतो’ म्हणत हसायचं, गुदगुल्या करताना ते ‘पुरे, पुरे’ म्हणून ओरडत असलं तरी आणखी करायच्या. दहा वेळा त्याचं ‘पुरे’ वाया जाताना त्याने पाहिलं, तर अकराव्या वेळी, खऱ्या प्रसंगात, ते म्हणून काही होईल असं त्याला का वाटावं? म्हणून सरावाची सुरुवात मुलापासून होत नाही, घरातल्या मोठ्यांपासून होते. गुदगुल्या करताना मूल ‘पुरे’ म्हणालं की हात उचलायचा, तत्क्षणी. पापी द्यायची नसेल तर नमस्कार, टाळी किंवा नुसतं हात हलवणं, यातलं जे हवं ते त्याने निवडायचं. आजी-आजोबांना याचं वाईट वाटतं आणि त्यांच्याशी आधी निवांत बोलावं लागतं. नातवाची माया कमी करा असं आपण सांगत नाही. त्याचा ‘नको’ या घरात चालतो, हे त्याला तुमच्याकडूनच शिकायचं आहे, एवढं सांगितलं की बहुतेक आजी-आजोबा ऐकतात.

आता प्रत्यक्ष सराव. समजा, सहा वर्षांची एक मुलगी आहे. तिला आपण चिऊ म्हणू. इमारतीत राहते, दुपारी शाळेतून आली की खाली खेळते, संध्याकाळी आई-बाबा येईपर्यंत आजीजवळ असते. आई तिच्याशी सराव करणार आहे. दहा मिनिटं पुरतात. मूल भुकेलं किंवा झोपेला आलेलं नसावं आणि टीव्ही बंद असावा, एवढंच.

पहिल्या दिवशी शरीराचा किंवा धोक्याचा विषयच काढायचा नाही. आई सांगते, ‘आपण थांबा-खेळ खेळू. मी तुझे केस विस्कटणार. तुला नको झालं की तू मला थांबवायचं. आधी मी करून दाखवते, तू माझे केस विस्कट.’ चिऊ केस विस्कटू लागते. आई सरळ उभी राहते, चिऊच्या चेहऱ्याकडे बघते, एक हात पुढे करते, तळवा समोर. ‘थांब! मला नको.’ मग दोन पावलं मागे जाते, वळते आणि चालत स्वयंपाकघरात आजीजवळ जाते. ‘आई, चिऊ माझे केस विस्कटत होती. मला ते नको होतं.’ आजी म्हणते, ‘सांगितलंस ते बरं केलंस.’ संपलं. हे सगळं जेमतेम अर्ध्या मिनिटाचं असतं, पण मुलाला पूर्ण प्रसंग डोळ्यांनी दिसतो: थांबवणं, निघणं, सांगणं आणि सांगितल्यावर काय होतं तेही.

मग चिऊची पाळी. बहुतेक मुलांचं पहिल्यांदा जे होतं तेच तिचं होतं. ती हसत हसत ‘थांब ना गं’ म्हणते. इथे आईने हसायचं नाही आणि रागवायचंही नाही. जे बरोबर झालं ते आधी सांगायचं: ‘तू शब्द बरोबर म्हणालीस. आता हसू बाजूला ठेवून म्हण.’ एका वेळी एकच सुधारणा. चेहरा, आवाज, हात, पाय हे सगळं एकदम सांगितलं तर मूल गोंधळतं. दुसऱ्या खेपेला चेहरा, तिसऱ्या खेपेला आवाज.

आवाजासाठी मराठी मुलांकडे एक तयार नमुना आहे. खो-खोत ‘खो’ देतात तसा ‘थांबा’ द्यायचा. पोटातून, एकदाच, आखूड, शंका नसलेला. तो किंचाळण्यासारखा लांबत नाही आणि विनवणीसारखा शेवटी वरही चढत नाही. चिऊने खो-खो खेळलेला असेल तर तिला एका वाक्यात कळतं. नसेल तर आधी दोघींनी खोलीच्या दोन टोकांना उभं राहून नुसता ‘खो’ म्हणून घ्यावा.

शब्द कोणते द्यायचे, हे आधी ठरवून ठेवलेलं बरं. बरोबरीच्या मुलाला ‘थांब! मला नको.’ मोठ्या माणसाला ‘थांबा! मला नको.’ आदरार्थी रूपाने वाक्याचा जोर कमी होत नाही आणि मोठ्यांना अरे-तुरे केल्याचं दडपण मुलावर येत नाही. कारण मात्र द्यायला शिकवू नये. ‘मला अभ्यास आहे’, ‘आई रागावेल’ असं मूल म्हणालं की समोरच्याला त्या कारणावर बोलायला जागा मिळते: अभ्यास नंतर कर, आईला मी सांगतो. ‘मला नको’ला उत्तर नाही. समोरचा बोलत राहिलाच तर मुलाने तेच वाक्य तसंच पुन्हा म्हणायचं आणि चालू लागायचं.

चालू लागणं हा सगळ्यात जास्त राहून जाणारा भाग. ‘थांबा’ छान म्हणून झाल्यावर मुलं जागेवर उभी राहतात, जणू आता समोरच्याने काय ते ठरवायचं आहे. म्हणून आई चिऊला सांगते, ‘‘थांबा’ म्हणून झालं की पाय सुरू.’ समोरचं माणूस थांबलं की नाही हे बघत राहायचं नाही. ‘सॉरी’ म्हणालं, ‘गंमत करत होतो’ म्हणालं तरी पाय चालूच. चप्पल, दप्तर, चेंडू तिथेच राहिलं तर राहू दे. हे वेगळं सांगावं लागतं, कारण मुलं नवी बाटली टाकून यायला घाबरतात. घरात सराव करताना मुद्दाम चिऊच्या हातातली बाहुली खाली ठेवायला लावायची आणि ती न उचलता निघायचं, असं दोनदा करून घ्यावं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रसंग बदलायचे. वर्गातला मुलगा ढकलतोय. मोठी ताई वेणी ओढतेय. पाहुणे काका मांडीवर बसायचा आग्रह करताहेत. खालचा दादा म्हणतोय, ‘गच्चीवर चल, मोबाइलवर गेम देतो.’ आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचा: ‘ही आपल्या दोघांची गंमत, आईला सांगायची नाही हं.’ वाढदिवसाच्या भेटवस्तूसारखी गंमत थोड्या वेळाने सगळ्यांना कळणार असते आणि कळल्यावर सगळे खूश होतात. जी गोष्ट कधीच कुणाला सांगायची नाही असं मोठं माणूस म्हणतं, ती त्याच दिवशी सांगायची. चिऊला हा फरक दोन-तीन उदाहरणांत कळतो. नियमही स्पष्ट द्यावा: चड्डी-बनियनने किंवा पोहण्याच्या कपड्यांनी झाकलेल्या भागांना आंघोळ-स्वच्छता आणि आईबाबा बरोबर असताना डॉक्टरांची तपासणी सोडून कुणी हात लावायचा नाही, बघायचं नाही, फोटो काढायचा नाही, आणि स्वतःच्या अशा भागांना हात लावायला मुलाला सांगायचंही नाही.

इथे एक कडक सूचना. सरावात अशा स्पर्शाचा अभिनय कधीही करायचा नाही, बाहुलीवरही नाही. मुलाच्या त्या भागांजवळ हात नेऊन ‘असं केलं तर?’ असं विचारायचं नाही. केस, गाल, दंड, हातातली वस्तू यांवर सराव पुरतो. ‘थांबा’चा आवाज आणि चालणारे पाय एकदा तयार झाले की ते कुठल्याही प्रसंगात तेच असतात. बाकीचं शब्दांनी सांगता येतं: ‘तिथे कुणी हात लावला तरी हेच करायचं.’ आणि सराव घेताना मुलाला घाबरवू नये. ‘नाहीतर तुला पळवून नेतील’ असं वाक्य सरावात आलं की मूल शिकायचं थांबतं आणि रात्री झोपेतून उठायला लागतं.

पुढचा प्रश्न, चालत जायचं कुणाकडे? ‘मोठ्या माणसाकडे’ हे उत्तर अपुरं आहे, कारण ज्याच्यापासून निघायचं आहे तोही मोठाच असतो. नावं ठरवावी लागतात आणि ती मुलाने ठरवावी लागतात. चिऊला विचारायचं, ‘तुझं कोण ऐकून घेतं? कुणाजवळ तुला भीती वाटत नाही? चुकलं तरी कोण ओरडत नाही?’ ती आजीचं नाव घेईल, वर्गाच्या बाईंचं घेईल, तिसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीच्या आईचं घेईल. एखाद्या सख्ख्या काकाचं नाव तिने घेतलं नाही, तर ‘काका का नाही?’ म्हणून लकडा लावू नये. मात्र ते मनात नोंदवून ठेवावं. तीन-चार नावं असावीत आणि त्यात किमान एक घराबाहेरचं असावं, कारण त्रास घरातूनही होऊ शकतो. आणि त्या माणसांना सांगून ठेवावं: ‘चिऊने तुमचं नाव घेतलंय. ती तुमच्याकडे आली तर हातातलं काम ठेवा.’ हे सांगायचं राहून गेलं, तर मूल पोचतं आणि समोरच्याला कळतच नाही की काय घडतंय.

मग वाट चालून बघायची, अगदी पायी. खाली खेळत असताना कुणी त्रास दिला तर आजीकडे कसं यायचं? लिफ्टने की जिन्याने? घराला कुलूप असेल तर? मग तिसरा मजला. शाळेत मधल्या सुट्टीत बाई कुठे असतात? शिक्षक खोलीत जायला मुलं बिचकतात, तिचं दार वाजवायला शाळेनेच एकदा शिकवलेलं चांगलं. व्हॅनमध्ये किंवा प्रवासात निघून जाणं शक्य नसतं. तिथे जागा बदलायची, दुसऱ्या मुलांजवळ जायचं आणि उतरल्या उतरल्या सांगायचं.

सांगण्याचाही सराव हवा. आजी फोनवर आहे, आई फोडणी घालतेय, बाई वह्या तपासताहेत. मूल येऊन ‘अगं…’ म्हणतं आणि ‘थांब जरा’ ऐकून परत जातं. त्या ‘थांब जरा’त कितीतरी गोष्टी कायमच्या बुडतात. म्हणून आईने मुद्दाम फोन कानाला लावून बसायचं आणि चिऊने यायचं. तिचं वाक्य ठरलेलं: ‘मला आत्ता सांगायचंय. महत्त्वाचं आहे.’ एकदा ऐकलं नाही तर हात धरून पुन्हा. तरीही ऐकलं नाही तर यादीतल्या पुढच्या माणसाकडे. घरात हे वाक्य ऐकू आलं की फोन ठेवायचा, हा मोठ्यांचा नियम. सुरुवातीला चिऊ खोडरबर हरवल्याचंही याच वाक्याने सांगेल. काही दिवस ते चालवून घ्यावं. महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं यातला फरक तिला पुढे कळेल.

सराव जमला हे कसं ओळखायचं? आईने आठवण न करता, लागोपाठ तीन वेळा, चिऊने चारही गोष्टी केल्या: समोर बघितलं, एकदाच ठाम आवाजात म्हणाली, लगेच निघाली, पोचून काय झालं ते सांगितलं. हे आईबरोबर जमलं म्हणजे बाबांबरोबर आणि मावशीबरोबर जमेलच असं नाही. घरात जमलं म्हणजे जिन्यात जमेलच असं नाही. मुलं जिथे आणि ज्याच्याबरोबर शिकतात तिथेच ते अडकून राहतं. म्हणून माणूस बदलावा, जागा बदलावी. एक दिवस बाबा ‘पाहुणे काका’ व्हावेत, एक दिवस अंगणात, एक दिवस गाडीजवळ. मग काही आठवड्यांनी, आठवण न देता, खेळातच एकदा करून बघावं. विसरलेलं असतं, बरंचसं. पुन्हा दहा मिनिटं. शाळा सुरू होताना, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी अशी उजळणी ठेवली तर पुरेशी होते. अनोळखी माणसाला पाठवून मुलाची ‘परीक्षा’ घेण्याचे व्हिडिओ फिरतात. तसं घरी करू नये. ते अभ्यास संशोधकांनी पालकांची संमती आणि देखरेख ठेवून केलेले असतात. आपण केलं तर मुलाला एवढंच कळतं की घरच्यांनी आपल्याला फसवलं.

काही मुलं सरावानंतर सगळ्यांनाच ‘थांबा!’ म्हणू लागतात. नखं कापताना, केस विंचरताना, लस देताना. रागवू नये. ‘ही नखं कापावीच लागतात, पण तू सांग आधी कुठलं बोट’, एवढा ताबा त्याला दिला की बहुधा निवळतं. बोलण्यात अडचण असलेल्या किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी शब्दाऐवजी तळव्याची खूण, शिट्टी किंवा गळ्यातलं कार्ड वापरता येतं. पावलं लहान करावी लागतात आणि सराव जास्त वेळा घ्यावा लागतो. या मुलांना तो सर्वांत आधी द्यायला हवा, कारण रोजच्या कामासाठी त्यांच्या अंगाला इतरांचे हात जास्त लागतात.

आता या पद्धतीची मर्यादा, आणि ती लपवून चालणार नाही. २०१५ साली शाळांमधल्या अशा कार्यक्रमांचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला, २४ अभ्यास आणि ५,८०२ मुलं. मुलांचं ज्ञान वाढतं आणि सरावातल्या प्रसंगांत ती स्वतःला सांभाळू लागतात, हे त्यात दिसलं. प्रत्यक्षातले अत्याचार त्यामुळे कमी होतात, हे मात्र या अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. सहा वर्षांचं मूल चाळीस वर्षांच्या माणसाला थोपवेल अशी अपेक्षाच अन्यायाची आहे. भीतीने शरीर थिजतं, घशातून आवाज निघत नाही, मोठ्या माणसांचंही असं होतं. म्हणून सरावाच्या पहिल्या दिवसापासून एक वाक्य बरोबर द्यायचं: ‘कधी म्हणता आलं नाही, निघता आलं नाही, तरी चालेल. नंतर सांग. केव्हाही सांग. चूक तुझी नसेल.’ हे वाक्य राहिलं, तर थिजलेलं मूल स्वतःलाच दोष देतं: मला शिकवलं होतं, तरी मी ‘थांबा’ म्हटलं नाही. आणि मग ते कधीच सांगत नाही. माझ्या मते सांगणं हाच या सरावाचा सगळ्यात मोलाचा भाग आहे. ‘थांबा’ने एखादा प्रसंग टळू शकतो, सांगितल्याने पुढचे सगळे टळू शकतात.

मूल सांगायला आलं, तर मोठ्यांनाही सराव असावा. आधी बसावं, म्हणजे डोळे एका पातळीवर येतात. त्याच्या शब्दांत त्याला सांगू द्यावं. ‘सांगितलंस ते बरं केलंस, माझा तुझ्यावर विश्वास आहे,’ म्हणावं. ‘तू ओरडली का नाहीस?’, ‘तिथे गेलीसच कशाला?’, ‘नक्की ना?’ हे तीन प्रश्न गिळून टाकावेत. पाच नातेवाइकांसमोर पाच वेळा वदवून घेऊ नये. त्याने मुलाला पुन्हा पुन्हा तेच सोसावं लागतं आणि पुढे त्याच्या जबाबावर शंका घेतली जाते. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही.

पाळता येणार नाही, ते कायद्यामुळेही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून देशात लागू असलेल्या पोक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग तो पालक असो, शिक्षक असो की शेजारी. न कळवणं हा शिक्षापात्र गुन्हा आहे. पोलीस ठाण्याच्या भीतीने अनेक घरं गप्प बसतात, म्हणून हेही माहीत असावं की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घेतला जातो, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही आणि त्याची ओळख जाहीर करता येत नाही. कुणाकडे जावं हे सुचत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक देशभर, चोवीस तास, मोफत चालतो. त्यावर मोठ्यांनाही फोन करता येतो आणि स्वतः मुलालाही. चिऊच्या यादीत आजी, बाई आणि मैत्रिणीची आई यांच्या खाली हा चार आकडी क्रमांक लिहून तिच्याकडून पाठ करून घ्या, आणि एकदा बंद फोनवर तो दाबायचा सरावही करून घ्या.